दोनशे ऐंशी डॉलरांचा माग

सोलापुरातल्या एका टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात मे महिन्याच्या शेवटी बँकेचा एसएमएस येतो: खात्यात 22,81,885 रुपये 72 पैसे जमा. जर्मनीतल्या खरेदीदाराचे पैसे आले म्हणून मालक खूश होतो. टेबलापलीकडे बसलेला हिशेबनीस मात्र कॅल्क्युलेटर ओढतो. बँकेने डॉलरला 85.40 रुपये दर लावल्याचं त्याला फोनवर कळलेलं असतं. तो भागाकार करतो आणि 26,720 डॉलर असं उत्तर येतं. या आकड्याचं एकही इन्व्हॉइस फायलीत नाही. खरेदीदाराकडून येणं होतं 27,020 डॉलर. म्हणजे तीनशे डॉलर कमी?

नाही. कमी किती आले, हेच अजून त्याला ठाऊक नाही.

हा कारखाना आणि पुढचे आकडे समजण्यासाठी रचलेले आहेत, पण त्यातली प्रत्येक अडचण सोलापूर, इचलकरंजी किंवा नाशिकच्या कोणत्याही निर्यातदाराच्या ओळखीची निघेल. परदेशी विकलेल्या मालाचा पैसा खरोखर देशात आला, ठरला तेवढा आला आणि त्याच मालाचा आला, हे निर्यातदाराला इन्व्हॉइसनिहाय दाखवावं लागतं. परकीय चलन व्यवस्थापन कायद्याने, म्हणजे फेमाने, त्यासाठी मुदत घालून दिली आहे. ती बराच काळ निर्यातीच्या तारखेपासून नऊ महिने होती. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर 2025 मध्ये ती पंधरा महिने केली. मुदतीत पैसा आल्याचं दाखवता आलं नाही, तर मिळालेला ड्यूटी ड्रॉबॅक परत मागितला जाऊ शकतो आणि जीएसटीचा परतावाही. यातली गोम ‘दाखवता’ या शब्दात आहे. पैसा आलेला असूनही कागदावर त्याची गाठ त्याच्या इन्व्हॉइसशी पडली नाही, तर सरकारी नोंदीत तो न आल्यासारखाच राहतो.

आता आपल्या कारखान्याची फाईल उघडू. दोन इन्व्हॉइसं आहेत. पहिलं क्रमांक 41, रक्कम 24,600 डॉलर. माल एप्रिलमध्ये न्हावाशेवाहून हॅम्बर्गला गेला. सौदा सीआयएफ, म्हणजे बोटीचं भाडं आणि विमा विकणाऱ्याच्या माथी, अर्थात किमतीत धरलेला. या इन्व्हॉइसपैकी तीस टक्के, 7,380 डॉलर, खरेदीदाराने मार्चमध्येच आगाऊ पाठवले होते. उरलेले 17,220 माल पोचल्यावर द्यायचे होते. दुसरं इन्व्हॉइस 46 नंबरचं, 9,800 डॉलरचं, ते पूर्ण बाकी होतं. खरेदीदाराने दोन्हींचे पैसे एकाच फटक्यात पाठवले. एका ट्रान्सफरचा खर्च वाचला, त्याच्या दृष्टीने विषय संपला.

हिशेबनिसाने आधी बँकेकडून मागवायचं ते एसएमएसचं स्पष्टीकरण नव्हे, तर आवक रकमेचा दाखला. निर्यातदारांच्या तोंडी अजूनही ‘एफआयआरसी’ हेच नाव आहे. पूर्वी तो खरोखरच बँकेच्या सही-शिक्क्याचा कागद असे, आणि एका एफआयआरसीतून दोन-तीन इन्व्हॉइसं भागवली की बँक त्याच्या पाठीवर तेवढी रक्कम वापरल्याची नोंद करून देई. तो कागद हरवला की घरात मंगळसूत्र हरवल्यासारखा गोंधळ उडे. 2016 मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना प्रत्येक आवक रक्कम थेट तिच्या निर्यात-देखरेख प्रणालीत, म्हणजे ईडीपीएमएसमध्ये, नोंदवायला सांगितली आणि निर्यातीपुरता तो कागद मागे पडला. आता बँक जो कागद किंवा पीडीएफ देते त्याला बहुतेक ठिकाणी एफआयआरए म्हणतात. त्याच्यामागे प्रणालीत एक क्रमांक असतो, आयआरएम क्रमांक. जुन्या कागदाच्या पाठीवर जी नोंद व्हायची, ती आता या क्रमांकाच्या खात्यात होते: आलेली रक्कम इतकी, वापरली इतकी, शिल्लक इतकी.

आपल्या दाखल्यावर रक्कम आहे 26,755 डॉलर. हिशेबनिसाने भागाकार करून काढलेले 26,720 नव्हेत. मधले पस्तीस डॉलर गेले कुठे? कुठेच नाहीत. 26,755 ला 85.40 ने गुणलं की 22,84,877 रुपये होतात. त्यातून आपल्याच बँकेने हाताळणीचे 1,500 रुपये आणि त्यावरचा 270 रुपये जीएसटी घेतला. शिवाय चलन बदलून देण्याच्या सेवेवरही जीएसटी लागतो. तो पूर्ण रकमेवर नसतो, नियमात दिलेल्या टप्प्यांनुसार सेवेचं एक मूल्य काढून त्यावर अठरा टक्के घेतात. इथे तो 1,221 रुपये 28 पैसे आला. हे सगळे वजा केले की एसएमएसचा आकडा पैशापर्यंत जुळतो. हे तीन हजार रुपये कारखान्याचा खर्च आहेत. निर्यातीची वसुली त्यामुळे एक सेंटनेही कमी होत नाही. म्हणूनच जाणकार सांगतात की जुळवणी नेहमी परकीय चलनात करायची. रुपये इथे फसवतात. शिपिंग बिलावर सीमाशुल्क खात्याचा दर असतो, वहीत इन्व्हॉइसच्या दिवशीचा दर असतो आणि बँक तिसराच लावते. दरातला फरक हा नफा-तोट्याचा विषय आहे, वसुलीचा नव्हे.

तर येणं होतं 27,020, आलं 26,755. दोनशे पासष्ट डॉलर कमी. मार्चच्या आगाऊ रकमेचा दाखला काढून पाहिला, तर तिथेही 7,380 ऐवजी 7,365 आलेले. पंधरा तिथे गळालेले. एकूण दोनशे ऐंशी.

ही गळती कोणी केली हे दाखल्यावर लिहिलेलं नसतं. ते कळतं बँकांमधल्या स्विफ्ट संदेशातून, आणि निर्यातदाराने मागितला तर बँक त्याची प्रत देते. सवयीने सगळे त्याला MT103 म्हणतात. स्विफ्टने आता नवा साचा आणला आहे, त्यात याच संदेशाचं नाव pacs.008 आहे, पण विचारायच्या गोष्टी त्याच राहतात. जुन्या साच्यात 33B या रकान्यात पाठवणाऱ्याने किती पाठवायला सांगितले ते असतं आणि 32A मध्ये बँकांनी आपसात प्रत्यक्षात किती चुकते केले ते. 71A मध्ये तीनपैकी एक शब्द असतो. OUR असेल तर सगळा बँकखर्च पाठवणाऱ्याचा, BEN असेल तर सगळा पैसे घेणाऱ्याचा, आणि SHA म्हणजे अर्धा-अर्धा असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात SHA मध्ये पाठवणारा फक्त स्वतःच्या बँकेचं देणं देतो. त्यापुढचं सगळं रकमेतून कापलं जातं. हॅम्बर्गहून निघालेला डॉलर सहसा न्यूयॉर्कमधल्या एखाद्या बँकेतून फिरून येतो, कारण डॉलरची देवाणघेवाण तिथेच होते. वाटेतली ती बँक आपली दक्षिणा घेते आणि 71F मध्ये तशी नोंद करते.

आपल्या संदेशात 33B म्हणतं 26,780 आणि 32A म्हणतं 26,755. म्हणजे वाटेत पंचवीस डॉलर कापले गेले. मार्चच्या संदेशात 7,380 आणि 7,365, म्हणजे पंधरा. चाळीस डॉलर बँकांनी घेतले, हे पुराव्यानिशी ठरलं. उरलेले दोनशे चाळीस बँकांनी घेतलेलेच नाहीत. खरेदीदाराने मुळातच 27,020 ऐवजी 26,780 पाठवले. त्याला ईमेल केल्यावर उत्तर येतं: 41 नंबरच्या मालातली काही खोकी ओली निघाली, फोटो जोडले आहेत, त्याचे दोनशे चाळीस कापले. हे आधी कळवायला काय झालं होतं, असा प्रश्न सोलापुरात पडतो, पण परदेशी खरेदीदार असं बहुधा कळवत नाहीत. कापून मोकळे होतात.

इथपर्यंत बेरीज जुळली. दोनशे ऐंशी बरोबर पंधरा अधिक पंचवीस अधिक दोनशे चाळीस. बहुतेक ऑफिसांत काम इथेच संपल्यासारखं वाटतं, आणि नेमकी इथेच मोठी चूक होते.

कारण 26,755 ची ही रक्कम आता दोन इन्व्हॉइसांमध्ये वाटायची आहे. वही सांभाळणाऱ्याची सवय असते जुनं आधी भागवायची. त्या रीतीने तो 41 नंबरला हात घालतो: 24,600 पैकी 7,365 आगाऊ आलेले, उरले 17,235, ते या रकमेतून भरून टाकले. 41 पूर्ण वसूल. मग राहिले 9,520, ते 46 नंबरला. ते दोनशे ऐंशीने कमी. एकूण बेरीज बरोबर, सॉफ्टवेअरलाही काही खटकत नाही. पण ओली खोकी 41 मध्ये होती, आणि तूट दिसते आहे 46 मध्ये, ज्या मालाबद्दल खरेदीदाराने चकार शब्द काढलेला नाही. उद्या बँकेने कमी रकमेचं कारण विचारलं, तर हातातले फोटो आणि पत्र सगळं दुसऱ्याच शिपिंग बिलाचं.

याच वळणावर एक मोहही उभा असतो. ऑक्टोबर 2025 मध्ये रिझर्व्ह बँकेने लहान निर्यातदारांचा त्रास कमी करायला सवलत दिली. ज्या बिलाची किंमत दहा लाख रुपयांपर्यंत आहे, त्याची ईडीपीएमएसमधली नोंद बँक निर्यातदाराच्या लेखी घोषणेवर बंद करू शकते, आणि बिलाची किंमत कमी झाली असेल तर तेही त्याच्या घोषणेवर मान्य करू शकते. आता बघा, 46 नंबर आहे 9,800 डॉलरचं, म्हणजे सुमारे आठ लाख सदतीस हजार रुपयांचं. 41 नंबर एकवीस लाखांचं. तूट 46 मध्ये ढकलली की एका घोषणापत्रावर भागतं, 41 मध्ये ठेवली की पत्रव्यवहार. तशी फाईल हातात असणाऱ्याच्या मनात हे येणारच. पण ती घोषणा खोटी ठरते, कारण 46 ची किंमत कधी कमी झालेलीच नाही. सवलत कागदपत्रांतून दिली आहे, खरं सांगण्यातून नव्हे.

बरोबर वाटणी अशी होते. खरेदीदाराने 46 चे पूर्ण पैसे दिले, म्हणून 9,800 त्याला. उरलेले 16,955 डॉलर 41 ला. त्यात मार्चचे 7,365 मिळवले की 24,320. 24,600 ला 280 कमी, आणि त्यातल्या प्रत्येक डॉलरमागे कागद आहे. वाटेतले पंचवीस डॉलर दोन्ही इन्व्हॉइसांत विभागून लावले तरी ते चुकीचं ठरणार नाही. पण दोन बिलं अर्धवट ठेवण्यापेक्षा एकच अर्धवट ठेवणं सोयीचं, असं या कामात मुरलेले लोक मानतात आणि ते पटण्यासारखं आहे.

चाळीस डॉलरच्या बँकखर्चासाठी स्विफ्टची प्रत पुरते. दोनशे चाळीसच्या कपातीसाठी मात्र बँकेकडे रीतसर अर्ज करावा लागतो: खरेदीदाराचं पत्र, फोटो, कारखान्याची क्रेडिट नोट. इन्व्हॉइसच्या किमतीत पंचवीस टक्क्यांपर्यंतची घट मान्य करण्याचा अधिकार बँकेला असतो, काही अटींवर. त्यातली एक अट निर्यातदार विसरतात. जेवढी किंमत घटली, तेवढ्या प्रमाणात निर्यातीवर मिळालेला लाभही परत करायचा असतो. दोनशे चाळीस डॉलरवरचा ड्रॉबॅक म्हणजे किरकोळ रक्कम, पण ती भरल्याची पावती फाईलला लागते.

एक सापळा अजून बाकी आहे, आणि तो उलट दिशेचा आहे. त्यात पैसे कमी नव्हे, जास्त आल्यासारखे दिसतात. शिपिंग बिलावर ठळक दिसतो तो एफओबी आकडा, म्हणजे माल बोटीवर चढेपर्यंतची किंमत. निर्यातीचे लाभ त्यावरच मोजतात. आपल्या 41 नंबरचा एफओबी आहे 23,200, भाडं 1,350 आणि विमा 50. नवखा माणूस वसूल झालेले 24,320 या 23,200 शेजारी मांडतो आणि म्हणतो, हे तर अकराशे वीस डॉलर जास्त आले! मग जास्तीची रक्कम पुढच्या एखाद्या इन्व्हॉइसला लावून मोकळा होतो. सहा महिन्यांनी बँकेचं पत्र येतं, की 41 चे अकराशेहून अधिक डॉलर अजून वसूल व्हायचे आहेत. सीआयएफ सौद्यात आलेली पूर्ण रक्कम पूर्ण इन्व्हॉइसशीच जुळवायची असते. भाडं आणि विमा त्यातून वजा करायचे ते वसुलीचा एफओबी काढण्यापुरते: 24,320 वजा 1,400, म्हणजे 22,920.

मार्चच्या आगाऊ रकमेची गोष्ट थोडी वेगळी. पैसा आला तेव्हा माल विणलाही नव्हता, शिपिंग बिल तर दूरच. अशी रक्कम आली की बँक विचारते, पैसे कशाचे? उत्तर एका सांकेतिक क्रमांकात द्यायचं असतं. मालाच्या निर्यातीपोटी आगाऊ रकमेचा क्रमांक P0103, वसुलीसाठी पाठवलेल्या निर्यात बिलाचा P0102. घाईत कोणी सेवांच्या यादीतला क्रमांक टाकला, तर रक्कम सल्लागार सेवेची किंवा सॉफ्टवेअरची म्हणून नोंदली जाते, आणि मालाच्या शिपिंग बिलाशी तिची गाठ घालताना अडते. मग दुरुस्तीसाठी बँकेच्या मागे लागणं आलं. दाखला हातात पडल्याच्या दिवशीच हा क्रमांक तपासणारे लोक पुढचे कित्येक फेरे वाचवतात.

आगाऊ रक्कम दुसऱ्याच बँकेत आली असती, तर आणखी एक गाठ पडली असती. शिपिंग बिलात निर्यातदार आपल्या बँकेचा एडी कोड देतो आणि सीमाशुल्क खात्याकडून ते बिल त्याच बँकेच्या ईडीपीएमएस यादीत जाऊन बसतं. बिल एका बँकेच्या यादीत आणि पैसा दुसरीच्या, अशा वेळी पैसेवाल्या बँकेला ती रक्कम प्रणालीतूनच पहिलीकडे वळती करावी लागते. छापील दाखला घेऊन निर्यातदाराने स्वतः इकडून तिकडे जाण्याने आता काही होत नाही. एकच एफआयआरसी दोन ठिकाणी दाखवण्याची जुनी वाट बंद झाली ती यामुळेच.

आणि पैसे पाठवणारा वेगळाच निघाला तर? इन्व्हॉइस हॅम्बर्गच्या कंपनीवर, रक्कम मात्र तिच्या दुबईतल्या भावकंपनीकडून. हे बेकायदा नाही, काही अटींवर तिसऱ्याकडून पैसे घेता येतात. पण ते ऑर्डरमध्ये किंवा तिघांच्या करारात आधी लिहिलेलं असावं लागतं. पैसे आल्यावर खुलासा जमवत बसणं अवघड जातं.

शेवटचा टप्पा ई-बीआरसीचा, म्हणजे वसुलीच्या अंतिम प्रमाणपत्राचा. परकीय व्यापार महासंचालनालयाच्या पोर्टलवर ते पूर्वी बँक तयार करून चढवायची. नोव्हेंबर 2023 पासूनच्या नव्या पद्धतीत बँक फक्त आयआरएम पाठवते आणि निर्यातदार स्वतःच तो शिपिंग बिलाशी जोडून प्रमाणित करतो. त्यामुळे काम झटपट झालं, पण वर सांगितलेली सगळी वाटणी आता निर्यातदाराच्या सहीने होते. आयआरएमच्या शिल्लकीपेक्षा जास्त वापरू देणार नाही, एवढंच यंत्र बघतं. ओली खोकी 41 मध्ये होती की 46 मध्ये, हे त्याला कळण्याचा मार्ग नाही.

जुळणी खरोखर झाली का, हे बघायला हिशेबनीस तीन ठिकाणी शून्य शोधतो. मार्चचा आयआरएम 7,365 चा, सगळा 41 ला गेला: शिल्लक शून्य. मेचा 26,755 चा, 16,955 आणि 9,800 मध्ये संपला: शून्य. ईडीपीएमएसमध्ये 46 बंद. 41 मात्र 280 डॉलरपायी उघडं, बँकेने कपात आणि खर्च मान्य केल्यावर तेही बंद. आणि कारखान्याच्या वहीत जर्मन खरेदीदाराच्या नावापुढे शून्य. यातली दोन शून्यं आली आणि तिसरं नाही, तर रक्कम कुठेतरी भलत्या घरी जाऊन बसली आहे असं समजायचं.

या अनुभवानंतर कारखान्याने पुढच्या इन्व्हॉइसच्या तळाशी दोन ओळी छापल्या: बँकखर्च OUR ठेवावा आणि पैसे पाठवताना इन्व्हॉइस क्रमांक लिहावा. स्विफ्टच्या रकान्यात त्यासाठी पस्तीस अक्षरांच्या चार ओळी मिळतात, दोन इन्व्हॉइसं आणि एक कपात लिहायला त्या भरपूर होतात. ऑगस्टमध्ये पुढची रक्कम आली. हिशेबनिसाने संदेशाची प्रत मागवली. 71A मध्ये SHA होतं, आणि त्या चार ओळींत मिळून एकच शब्द: TOWELS.